सातानं संपणारा वर्ग नसतो

शब्दकोड्यात घरांमध्ये अक्षरं भरतात, अंककोड्यात अंक. आडव्या-उभ्या ओळी त्याच, काळी-पांढरी चौकटही तीच. फरक संकेतांत असतो. तिथे ‘रामाचा भाऊ’ असं विचारतात, इथे ‘वर्गसंख्या’, ‘९ च्या पटीतली’ किंवा ‘अंकांची बेरीज १८’ असं सांगतात. शिरूर कासारला मी मुलांना गणित शिकवतो. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की ज्यांना थांबायचं ती थांबतात आणि आम्ही फळ्यावर एक अंककोडं मांडतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि काही मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. त्यांच्या दप्तरातही एखादी कोड्याची चिठ्ठी जाते, कारण कोडं सोडवायला पेन्सिल आणि पाढे एवढंच लागतं.

या शनिवारांनी मला जे शिकवलं ते एकाच कोड्याच्या आधारानं सांगतो. कोडं लहान आहे, तीन बाय तीनचं, एकही काळं घर नाही. वरच्या ओळीतल्या तीन घरांना १, २, ३ हे क्रमांक, मधल्या ओळीच्या पहिल्या घराला ४ आणि खालच्या ओळीच्या पहिल्या घराला ५.

आडवे: १. घनसंख्या. ४. नवाच्या पटीतली संख्या. ५. वर्गसंख्या, अंकांची बेरीज १८.
उभे: १. वर्गसंख्या. २. मूळ संख्या. ३. वर्गसंख्या.

वाचकांनी आधी कागदावर चौकट आखून बघावी.

१. पहिल्या संकेतापासून सुरुवात करू नये

मुलं सवयीनं ‘१ आडवा’पासून निघतात. त्यापेक्षा प्रत्येक संकेतासमोर किती उत्तरं संभवतात हे आधी लिहावं. तीन अंकी घन पाचच आहेत: १२५, २१६, ३४३, ५१२, ७२९. तीन अंकी वर्ग १० पासून ३१ पर्यंतच्या संख्यांचे, म्हणजे बावीस. नवाच्या पटीतल्या तीन अंकी संख्या १०० आणि तीन अंकी मूळ संख्या १४३. ‘मूळ संख्या’ या संकेताला सुरुवातीला हात लावण्यात अर्थ नाही हे या आकड्यांवरूनच कळतं. तो संकेत शेवटी कामाला येतो, एखादं उत्तर बाद करायला.

आता ‘५ आडवा’ पाहा. नुसता वर्ग म्हटलं असतं तर बावीस उमेदवार होते. बेरीज १८ ही अट आली की दोनच उरतात, २४ चा वर्ग ५७६ आणि २७ चा वर्ग ७२९. घनापेक्षाही ही यादी लहान आहे, म्हणून खालच्या ओळीपासून निघायचं. ३० पर्यंतचे वर्ग पाठ असतील तर हे मिनिटभराचं काम आहे. नसतील तर मुलांनी आधी वर्गांची यादी वहीच्या कडेला लिहून घ्यावी, त्याला मी कधी नाही म्हणत नाही. यादी लिहिता लिहिताच ती पाठ होते.

२. एका घरातला अंक दोन संख्यांत वेगवेगळ्या स्थानांवर बसतो

अंककोड्याचं सगळं बळ इथे आहे. खालच्या ओळीचं पहिलं घर ‘५ आडव्या’चं शतकस्थान आहे, पण ‘१ उभ्या’चं ते एककस्थान आहे. शतकस्थानी ५ किंवा ७ काहीही चालेल असं वाटत असतं आणि तोच अंक दुसऱ्या संख्येच्या एककाला गेला की त्याला वेगळे नियम लागू होतात.

एका शनिवारी मागच्या बाकावरची मुलगी एकदम म्हणाली, “सर, ७२९ नाहीच येणार. उभ्या वर्गाच्या शेवटी सात येईल!” बरोबर होतं. ‘१ उभा’ वर्ग आहे आणि कोणताही वर्ग सातानं संपत नाही. तेव्हा ७२९ बाद, ‘५ आडवा’ ५७६.

पुढचं मग आपोआप उलगडतं. ‘१ उभा’ पाचानं संपणारा तीन अंकी वर्ग, म्हणजे २२५ किंवा ६२५. त्याचा पहिला अंक हाच ‘१ आडव्या’ घनाचाही पहिला अंक. पाच घनांत २ नं सुरू होणारा २१६ आहे, ६ नं सुरू होणारा एकही नाही. म्हणून २१६ आणि २२५. ‘३ उभा’ आता ६ नं सुरू होऊन ६ नं संपतो. सहानं सुरू होणारे वर्ग ६२५ आणि ६७६, त्यातला ६७६. चौकट अशी दिसते:

२ १ ६
२ ? ७
५ ७ ६

मधलं घर सोडून सगळं भरलं आणि एकदाही अंदाजानं काही लिहावं लागलं नाही. मुलांना मी एवढंच बजावतो की अंक लिहिताना कारण तोंडानं सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर घर रिकामं ठेवायचं.

३. वर्गाची शेपूट दोन अंकांची वाचावी

वर्गाच्या एककस्थानी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात, २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दशकस्थानही बरंच बोलतं आणि त्याकडे फार थोडे लक्ष देतात. वर्गाचं एकक ६ असेल तर दशक विषमच असतं: १६, ३६, १९६, २५६, ५७६, ६७६. एकक ६ सोडून दुसरं काहीही असेल तर दशक सम असतं: १२१, १४४, २२५, २८९, ३२४, ७८४. अपवाद नाही.

मुलांनी विचारलं, असं का? २४ घेऊ. २४ म्हणजे २० आणि ४. त्याचा वर्ग करताना तीन तुकडे पडतात: २० चा वर्ग ४००, दोन वेळा २० गुणिले ४ म्हणजे १६०, आणि ४ चा वर्ग १६. पहिला तुकडा दशकाला शिवतच नाही. दुसरा ‘दोन वेळा’ असल्यामुळे दशकात कायम सम भर घालतो, इथे ६ ची. उरला शेवटचा तुकडा. १ ते ९ यांचे वर्ग बघा: १, ४, ९, १६, २५, ३६, ४९, ६४, ८१. यांत दशक विषम असलेले दोनच, १६ आणि ३६, आणि दोन्ही सहानं संपतात.

ही गोष्ट हाताशी असली की यादी नसतानाही काम भागतं. आपल्या कोड्यात ‘३ उभा’ ६ _ ६ असा आहे. एकक ६, म्हणून मधलं घर १, ३, ५, ७, ९ यांपैकी एक. दहा शक्यतांच्या पाच झाल्या.

४. अंकांची बेरीज म्हणजे नवानं भागून उरलेली बाकी

संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवानं भागलं की बाकी सारखीच येते, कारण १०, १०० या प्रत्येकातून एक काढला की ९, ९९ उरतात आणि ते नवानं भागले जातात. नवाची कसोटी यावरच उभी आहे. पण कोडं सोडवणाऱ्याला याचा आणखी एक फायदा होतो, वर्गांच्या बाबतीत. वर्गाच्या अंकांची बेरीज पुन्हा पुन्हा करून एक अंक उरवला, तर तो १, ४, ७ किंवा ९ एवढाच येतो.

वरच्या पाच शक्यता घेऊ: ६१६, ६३६, ६५६, ६७६, ६९६. बेरजा १३, १५, १७, १९, २१. एकेका अंकावर आणल्या की ४, ६, ८, १, ३. म्हणजे ६१६ आणि ६७६ उरतात. २५ चा वर्ग ६२५ आहे आणि २४ चा ५७६, मधे काही नाही, म्हणून ६१६ गेला. वर्गांची यादी न बघता ६७६ हाती आला.

कोडं रचणाऱ्यालाही ही गोष्ट वाचवते. ‘वर्ग; अंकांची बेरीज १२’ असा संकेत कुणी दिला तर कोड्याला उत्तरच नाही, हे चौकट न बघताही सांगता येतं. उलट बेरीज १० असलेला तीन अंकी वर्ग एकच आहे, ३६१. असा संकेत दिला तर तो आयतं उत्तर देऊन टाकतो आणि बाकीच्या संकेतांना काम उरत नाही. बेरीज १८ मला आवडते, कारण ती दोन उमेदवार देते आणि त्यांतला एक उभ्या ओळीनंच मारावा लागतो.

५. शून्य आणि नऊ यांपासून जपावं

आता मधलं घर. ‘४ आडवा’ २ _ ७ असा आहे आणि नवाच्या पटीत हवा. २ आणि ७ मिळून ९ होतात. मग मधे ० घातला तर बेरीज ९, संख्या २०७. मुलं इथे थांबतात, वही मिटतात. पण ९ घातला तर बेरीज १८, आणि २९७ सुद्धा नवाच्या पटीत आहे.

ठीक, ‘२ उभा’ निवाडा करेल. तो १ _ ७ आहे आणि मूळ हवा. १०७ मूळ आहे. १९७ ही मूळ आहे. १४ च्या आतल्या २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्यांनी दोन्हींना भागून बघा, एकानंही भाग जात नाही. १४ चा वर्ग १९६ आणि १५ चा २२५, त्यामुळे पुढे जायची गरज नाही. म्हणजे या कोड्याला दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही सगळ्या संकेतांना उतरतात. हे कोडं मी मुद्दाम असंच फळ्यावर ठेवतो. ज्याला एक उत्तर सापडलं त्याला मी ‘बरोबर’ म्हणत नाही, ‘आणखी बघ’ म्हणतो.

हा घोळ कुठून येतो ते समजलं की कायमचा लक्षात राहतो. नवाच्या पटीतल्या संख्येतला एक अंक गायब असेल तर बाकीच्यांची बेरीज करून तो ठरवता येतो. उदाहरणार्थ, २ _ ६ असेल तर मधे १ च येणार. पण बाकीच्या अंकांची बेरीजच नवाच्या पटीत असेल, तर ० आणि ९ दोन्ही चालतात, कारण नवाच्या हिशेबात दोघंही सारखेच. दहा अंक आहेत आणि बाक्या नऊच, म्हणून कुठेतरी दोघांना एकाच बाकीत बसावं लागतं.

अकराचं तसं होत नाही. अकराच्या कसोटीत एकाआड एक अंकांच्या बेरजांतला फरक ० किंवा ११ ची पट हवा. बाक्या अकरा आणि अंक दहा, त्यामुळे गायब अंक एकच सापडतो किंवा सापडतच नाही. दोन कधी सापडत नाहीत. २ _ ७ ला अकराची अट लावली तर २ आणि ७ मिळून ९, म्हणून मधे ९ च, २९७. म्हणजे ‘४ आडव्या’ला ‘९ च्या पटीतली’ऐवजी ‘९९ च्या पटीतली’ असं लिहिलं की कोडं दुरुस्त होतं.

शून्याबद्दल आणखी एक नियम. कोणतीही संख्या शून्यानं सुरू होत नाही, त्यामुळे तीन बाय तीनच्या पूर्ण चौकटीत वरची ओळ आणि डावा स्तंभ यांत ० येऊच शकत नाही. उरलेल्या चार घरांत येऊ शकतो, आणि आपल्या मधल्या घरात तो येतोही.

६. कापरेकरांच्या संख्या संकेत म्हणून वापराव्यात

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक होते. संशोधनाची पदवी नव्हती, पण संख्यांच्या अंकांत डोकावण्याचा छंद आयुष्यभर होता. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक त्यांचाच. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं. माझ्या मते अंककोडी रचणाऱ्या मराठी माणसाला त्यांच्याइतकं साहित्य दुसऱ्या कुणी दिलेलं नाही.

त्यांनी हर्षद संख्या सांगितल्या: जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेनं पूर्ण भागली जाते ती. आपल्या कोड्यात ‘४ आडवा: हर्षद संख्या’ असं लिहू आणि ‘९ च्या पटीतली’ खोडू. मधे ० ते ९ एकेक अंक ठेवून बघायचं. २०७ ची बेरीज ९, आणि ९ गुणिले २३ बरोबर २०७, उतरली. २१७ ची बेरीज १०, शेवटी शून्य नाही, गेली. २४७ ची बेरीज १३, आणि १३ गुणिले १९ बरोबर २४७, हीसुद्धा उतरली. बाकी कुणी उतरत नाही. २९७ ची बेरीज १८, पण १८ सोळे २८८ आणि ९ उरतात. मग २०७ की २४७? आता ‘२ उभा’ कामाला येतो: १०७ मूळ आहे, १४७ ला तीननं भाग जातो. उत्तर एकच, मधे ०.

दुसरी त्यांचीच कल्पना, कापरेकर संख्या. संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे पाडायचे आणि बेरीज करायची. मूळचीच संख्या परत यायला हवी. ४५ चा वर्ग २०२५, २० आणि २५ मिळून ४५. तीन अंकी अशा संख्या तीनच: २९७, ७०३, ९९९. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. ‘४ आडवा: कापरेकर संख्या’ असं लिहिलं तर मधे ९ च. एकाच चौकटीत त्यांच्या एका कल्पनेनं शून्य ठरतो, दुसरीनं नऊ. हे मुलांसमोर पहिल्यांदा उलगडलं तेव्हा पोरं घरी जायला तयार नव्हती.

७. संकेत वाटून घेतले तर घरांचे छेद कळतात

ब्रिटनमध्ये शाळांच्या सांघिक गणित स्पर्धेत अंककोड्याची एक फेरी असते. चार जणांचा संघ दोन जोड्यांत विभागतात. एका जोडीला आडवे संकेत मिळतात, दुसरीला उभे. चौकट मात्र एकच. आम्ही हे शिरूरला करून पाहिलं आणि वरच्या कोड्यात फार छान दिसलं. आडव्या जोडीकडे सगळा सोपा माल: पाच घन आणि ५७६-७२९ ही जोडी. उभ्या जोडीकडे बावीस, बावीस आणि १४३ उमेदवार. त्यांना सुरुवातच करता येत नाही. तरीही आडवी जोडी ५७६ आणि ७२९ मध्ये अडकून बसते, कारण निवाडा उभ्या जोडीच्या संकेतात आहे. दोघांनी एकमेकांना नेमका प्रश्न विचारल्याशिवाय एकही घर भरत नाही.

८. स्वतः रचलेलं कोडं स्वतःच्या उत्तराकडे न बघता सोडवावं

रचणाऱ्याच्या डोक्यात उत्तर असतं, त्यामुळे त्याला दुसरं उत्तर दिसत नाही. म्हणून मुलांना मी सांगतो, संकेत लिहून झाले की उत्तराचा कागद दुसऱ्याकडे द्यायचा आणि प्रत्येक संकेतासमोर उमेदवारांची पूर्ण यादी करायची. मोठ्या चौकटीत काळी घरं येतात आणि काही घरं एकाच संख्येत असतात. तिथे छेद नसतो, म्हणून त्या संख्येला एकटीनं ठरेल असा कडक संकेत लागतो.

सध्या फळ्यावर वेगळाच खेळ चालू आहे. बाहेरची आठ घरं तशीच ठेवायची आणि ‘४ आडवा’ व ‘२ उभा’ यांचे संकेत बदलून मधे हवा तो अंक आणायचा. अट एकच: अंकांची बेरीज थेट सांगायची नाही, कारण तिनं कोणताही अंक फुकट मिळतो. ० आणि ९ कापरेकरांनी दिले. ‘२ उभा: ९ च्या पटीतली’ म्हटलं की ११७, म्हणजे मधे १. ‘२ उभा: ११ च्या पटीतली’ म्हटलं की १८७, मधे ८. सातच्या पटीत फक्त १४७ बसते, आणि वर २४७ हर्षद निघते, मधे ४. पाचासाठी एकानं ‘४ आडवा: वर्गाहून एकानं मोठी’ असं सुचवलं. १६ चा वर्ग २५६ डोळ्यासमोर होता म्हणून २५७ लगेच सुचली, आणि २ _ ७ मध्ये दुसरी अशी संख्या नाही, कारण त्यासाठी सहानं संपणारा वर्ग हवा आणि दोनशेत तसा एकच आहे. तिसऱ्या मुद्द्यातली शेपूट इथेही कामाला आली. २, ३, ६ आणि ७ अजून राहिलेत. १२७ ही १२८ हून एकानं कमी आहे एवढं एकीनं लिहून ठेवलंय, त्यावरून २ चा संकेत या शनिवारी निघेल.